बांगडी आधी टेकवा, सावली मग पाडा: फोटोतल्या मनगटावर बांगड्या कशा बसवायच्या

नागपूरच्या इतवारीत बांगड्यांची आणि इमिटेशन दागिन्यांची इतकी दुकानं आहेत आणि आता प्रत्येकालाच मोबाईलवर पाठवायला फोटो पाहिजे असतात, पण दर नव्या डिझाईनसाठी मॉडेल बोलावणं कोणालाच परवडत नाही, म्हणून हाताचा एकच चांगला फोटो काढून त्यावर बांगड्या बदलत राहायचं हे काम आमच्याकडे रोजचं आहे. आणि रोजचीच तक्रार पण एकच असते, दुकानदार फोटो बघतो आणि म्हणतो, "भाऊ, बांगडी चिकटवल्यासारखी दिसून राहिली." त्याला नेमकं काय चुकलं ते सांगता येत नाही पण तो बरोबर असतो, कारण दिवसभर गिऱ्हाइकांच्या हातात बांगड्या भरणाऱ्याला बांगडी हातात कशी बसते हे डोळ्यांनी पाठ असतं.

बहुतेक वेळा बांगडी कापलेली बरोबर असते, रंग बरोबर असतो, सावली पण दिलेली असते. पण ती सावली म्हणजे फोटोशॉपमधली तयार `Drop Shadow`, सगळीकडे सारख्या जाडीची, सारखी काळी, सारखी धूसर. ती सावली एक सांगते की बांगडी त्वचेपासून सगळीकडे सारख्याच उंचीवर तरंगून राहिली आहे, आणि खऱ्या हातात हे कधीच होत नाही. म्हणून हा लेख जवळपास सगळा एकाच गोष्टीवर आहे: बांगडी आणि त्वचा यांच्यातलं अंतर. ते अंतर कुठे किती आहे हे एकदा कळलं की सावली किती सरकणार, किती धूसर होणार, कुठे गडद होणार हे सगळं त्यातूनच निघतं.

आता बघा, बांगडी गोल असते पण मनगट गोल नसतं, ते चपटं असतं. एखाद्या बाईचं मनगट वरून बघितलं तर साधारण ५४ मिलिमीटर रुंद, आणि बाजूनं जाडी बघितली तर ३९ च्या आसपास. तिला २-४ ची बांगडी होते असं धरू. हे माप बांगडी विकणाऱ्या सगळ्यांना माहीतच आहे, दोन इंच आणि वर चार सोळांश, म्हणजे सव्वादोन इंच, म्हणजे आतला व्यास ५७ मिलिमीटर. हात आडवा धरला, तळहात खाली, तर बांगडी मनगटावर लटकते. आपल्याला वाटतं की ती वर मधोमध टेकली असेल. तर नाही. मनगटाचा वरचा भाग बांगडीच्या गोलाईपेक्षा सपाट असतो, त्यामुळे बांगडी दोन्ही बाजूंच्या खांद्यांवर टेकते, म्हणजे वरचा सपाट भाग जिथे बाजूला वळतो तिथे. मधोमध साधारण अडीच-तीन मिलिमीटरची फट राहते आणि खाली तळहाताच्या बाजूला तब्बल पंधरा मिलिमीटर मोकळी जागा. विश्वास नसेल बसत तर घरी कोणाच्याही हातातली सैल बांगडी बघा, कागदाची घडी करून मधोमध खालून सरकवा, आरामात जाते, आणि बाजूला सरकवत गेलं की अडकते.

एका बाजूला करंगळीकडचं मनगटाचं हाड वर आलेलं असतं, त्यामुळे त्या बाजूचा टेका जरा वर आणि जास्त पक्का, अंगठ्याकडचा जरा खाली. हे हाताहाताप्रमाणे बदलतं. हात वर केला, बोटं आकाशाकडे, तर बांगड्या कोपराकडे घसरतात आणि हात जाड होत जातो तिथे घट्ट बसतात, मग फट जवळपास राहतच नाही. हात खाली सोडला की त्या पंजाकडे येतात आणि अंगठ्याच्या मुळाशी अडकून तिरप्या होतात. म्हणजे फोटो हातात आला की पहिला प्रश्न "सावली कुठे द्यायची" हा नसून "या पोझमध्ये बांगडी कुठे टेकेल" हा आहे.

यातून सावलीच्या आधीची एक गोष्ट निघते. बांगडीचा आतला व्यासच मनगटापेक्षा तीन मिलिमीटर जास्त आहे आणि वर काचेची जाडी, तर वरून काढलेल्या फोटोत बांगडी मनगटाच्या दोन्ही कडांच्या बाहेर चार-पाच मिलिमीटर निघालेली दिसायलाच पाहिजे. लोक काय करतात, बांगडी ओढून बरोबर मनगटाएवढी करतात, कडेला कड जुळवतात, आणि तिथेच बांगडीचं स्टिकर होऊन जातं. मग सावली कितीही सुंदर करा.

आता एक काम पूर्ण करून दाखवतो. फोटो आहे एका आडव्या हाताचा, कॅमेरा बराचसा वरून, हातात एक बारीक सोनेरी कडं आहे. दुकानदाराला ते कडं काढून तिथे हिरव्या काचेच्या अर्धा डझन बांगड्या आणि मागे एक पाटली पाहिजे. उजेड खिडकीतून येतो आहे, बोटांच्या बाजूनं, साधारण ४५ अंश वरून.

कडं खोडायला घाई करू नका. त्या कड्याची सावली हा त्या फोटोतला सगळ्यात मोठा पुरावा आहे, आधी तो वाचून घ्या. सावली कोणत्या बाजूला पडली, कोपराकडे का पंजाकडे, कडेला किती धूसर आहे, मध्ये किती गडद आहे, हे सगळं तिथे लिहिलेलं असतं. रंग पण तिथूनच घ्यायचा. `Eyedropper` घ्या, वर सॅम्पल साईज `5 by 5 Average` करा म्हणजे एखाद्या केसावर नाहीतर त्वचेच्या छिद्रावर नेम लागून आकडा चुकणार नाही. मग उजेडातल्या त्वचेचा रंग घ्या आणि अगदी शेजारी कड्याच्या सावलीच्या मधल्या भागाचा रंग घ्या. समजा उजेडात २१४, १६४, १३४ आले आणि सावलीत १२८, ८४, ६६. आता सावलीला उजेडानं भागायचं आणि २५५ नं गुणायचं:

```
R: 128 / 214 x 255 = 153
G:  84 / 164 x 255 = 131
B:  66 / 134 x 255 = 126
```

हा झाला सावलीचा रंग. हा रंग `Multiply` मोडच्या लेयरवर भरला की खालची त्वचा बरोबर त्या फोटोतल्या खऱ्या सावलीएवढी गडद होते, कारण `Multiply` तोच गुणाकार करतं जो आपण उलटा करून काढला. बघा, हा रंग काळा नाही, राखाडी पण नाही, किंचित तांबूस आहे. काळ्या रंगाची सावली `Opacity` कमी करून लावली की त्वचेवर काजळी लागल्यासारखी दिसते ती यामुळेच, खऱ्या सावलीत तिन्ही रंग सारखे कमी होत नाहीत, लाल कमी उतरतो.

मापाचं पण आत्ताच ठरवून टाका. या फोटोत मनगट ८१० पिक्सेल रुंद आहे आणि खरं मनगट ५४ मिलिमीटर, म्हणजे १ मिलिमीटर बरोबर १५ पिक्सेल. मॉडेलचं मनगट मोजलेलं नसेल तर जी बांगडी तिला होते त्या मापावरून अंदाज लावता येतो. हा १५ चा आकडा कागदावर लिहून ठेवा, पुढे सगळीकडे लागतो.

मग कडं खोडा. कड्याबरोबर त्याची सावली जाते हे सगळ्यांच्या लक्षात राहतं, पण आणखी दोन गोष्टी तिथे असतात. चकचकीत कडं उजेडाच्या बाजूला त्वचेवर एक बारीक सोनेरी चमक टाकतं, ती पण खोडायची, नाहीतर हिरव्या काचेच्या शेजारी सोनेरी पट्टा कशाचा हे कोणी सांगू शकणार नाही. आणि कडं घट्ट असेल तर त्वचा दबून बाजूला किंचित वर आलेली असते, तिचा स्वतःचा उजेड आणि सावली असते, तो उंचवटा पण सपाट करावा लागतो.

आता नवी बांगडी. बांगडीचा फोटो कोणत्या कोनातून काढला याला इथे फार महत्त्व आहे. टेबलावर आडवी ठेवून वरून काढलेली बांगडी पूर्ण गोल दिसते, आणि `Warp` नं तिला कितीही दाबलं तरी तिची कड, तिच्यावरची चमक, काचेची जाडी वरून बघितलेलीच राहते. म्हणून आम्ही बांगड्या बाटलीवर चढवून फोटो काढतो, बाटलीला त्वचेच्या रंगाचा कागद गुंडाळतो, उजेड हाताच्या फोटोत ज्या बाजूनं आहे त्याच बाजूनं ठेवतो. कागद कशाला, तर काच काय नि सोनं काय, दोन्ही खालच्या बाजूनं त्वचेचा रंग उचलतात, पांढऱ्या कागदावर काढलेल्या पाटलीच्या खालच्या कडेला पांढरी रेघ येते आणि ती हातावर गेली की लगेच दिसते.

आधी एकाच बांगडीचं बघू, ढिगाचं नंतर. चार मिलिमीटर जाडीची गोल बांगडी आहे. मधोमध त्वचेपासून फट २.७ मिलिमीटर, म्हणजे काचेचा मध्य त्वचेपासून ४.७ मिलिमीटर वर. उजेड ४५ अंशावरून आणि हाताच्या लांबीच्या दिशेनं आहे, अशा वेळी हिशोब एकदम सोपा, जेवढी उंची तेवढीच सावली सरकते. म्हणजे मधोमध सावलीची मधली रेघ बांगडीच्या मधल्या रेघेपासून कोपराकडे ४.७ मिलिमीटर, आपल्या फोटोत ७० पिक्सेल. जिथे टेकली आहे तिथे काचेचा मध्य फक्त २ मिलिमीटर वर, म्हणून तिथे ३० पिक्सेल. आता बांगडीच्या दिसणाऱ्या भागाची कॉपी करा, सावलीच्या रंगानं भरा, ७० पिक्सेल कोपराकडे सरकवा, आणि मग `Warp` नं दोन्ही टेकलेल्या जागी तिला परत बांगडीकडे ओढून ३० वर आणा. सावलीला धनुष्यासारखा बाक येतो, मध्ये बांगडीपासून सुटलेली आणि दोन्ही खांद्यांवर बांगडीखाली शिरलेली. हा बाक आला की बांगडीला वजन येतं, ती हातावर टेकली असं वाटायला लागतं, आणि माझ्या मते या सगळ्या कामातली सगळ्यात जास्त फरक पाडणारी पायरी हीच आहे, बाकी काही नाही केलं तरी एवढं करा.

इथे उजेडाची दिशा नीट समजून घ्यायची. उजेड बोटांकडून किंवा कोपराकडून आला तरच सावली बांगडीच्या बाजूला निघते. उजेड हाताला आडवा असेल, म्हणजे बांगडीच्या गोलाच्याच पातळीत, तर सावली बांगडीच्या खालीच लपते, बाजूला काही येत नाही, फक्त मनगटाच्या पलीकडच्या उतारावर थोडी दिसते. नागपूरच्या उन्हात तर हे महिन्याप्रमाणे बदलतं. आपण २१ अंश उत्तरेला आहोत, त्यामुळे मेच्या शेवटच्या आठवड्यात दुपारी बाराच्या जरा नंतर सूर्य जवळपास बरोब्बर डोक्यावर असतो, आडव्या हातावरच्या बांगडीची सावली तेव्हा बांगडीखालीच राहते. आणि डिसेंबरच्या शेवटी त्याच वेळेला सूर्य क्षितिजापासून ४५ अंशच वर, दक्षिणेकडे. म्हणजे मेच्या लग्नातला हात आणि डिसेंबरच्या लग्नातला हात, दोन्ही भर दुपारचे, तरी एकाची सावली दुसऱ्यावर चालत नाही. गच्चीवरचा उन्हातला फोटो आला की महिना आणि वेळ विचारून घ्या, निम्मं काम तिथेच होतं.

आता धूसरपणा. सावलीची कड धूसर का होते, तर उजेड एका टिंबातून येत नाही, पसरलेल्या जागेतून येतो. नियम असा, कडेच्या धूसर पट्ट्याची रुंदी म्हणजे अंतर गुणिले उजेडाची रुंदी भागिले उजेड किती लांब आहे. आपली खिडकी १ मीटर रुंद आणि हातापासून २ मीटरवर, म्हणजे भागाकार अर्धा. मधोमध फट साधारण ३ मिलिमीटर, तर धूसर पट्टा दीड मिलिमीटर, २२ पिक्सेल. `Gaussian Blur` मध्ये टाकायचा आकडा या पट्ट्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याएवढा, म्हणून ६ च्या आसपास. टेकलेल्या जागी अंतर शून्याकडे जातं तर तिथे कड जवळपास तीक्ष्ण, १ किंवा २. आणि बाजूला खाली जिथे बांगडी हातापासून १० मिलिमीटर लांब गेली तिथे पट्टा ५ मिलिमीटरचा होतो, ब्लर २० च्या वर, आणि चार मिलिमीटर जाडीच्या बांगडीच्या सावलीला तेव्हा गडद गाभा उरतच नाही, नुसती पुसट झाक राहते. म्हणून एकाच लेयरवर एकच ब्लर देऊन भागत नाही. सोपा उपाय म्हणजे त्याच सावलीच्या तीन कॉप्या करा, कमी, मध्यम आणि जास्त ब्लरच्या, आणि `Layer Mask` वर मऊ ब्रशनं जिथे जी पाहिजे ती उघडी ठेवा, एका वेळी एका जागी एकच.

उन्हात हाच हिशोब लावा. सूर्य आकाशात अर्ध्या अंशाएवढाच दिसतो, भागाकार शंभरात एकच्या जवळ, तर ३ मिलिमीटरच्या फटीला धूसर पट्टा ०.०३ मिलिमीटर, म्हणजे आपल्या फोटोत अर्धा पिक्सेल. मग उन्हातल्या फोटोत ६ चा ब्लर दिला की लगेच खोटं वाटतं. त्यातही एक पण आहे, त्वचा स्वतः सावलीची कड थोडी मऊ करते. उजेड त्वचेच्या आत शिरतो, आत विखुरतो आणि शेजारून बाहेर पडतो, आणि लाल रंग सगळ्यात लांबपर्यंत पसरतो, निळा सगळ्यात कमी. त्यामुळे सावलीच्या आतल्या कडेला बारीक तांबूस झाक असते. गोऱ्या हातावर, तीक्ष्ण उजेडात, जवळून काढलेल्या फोटोत ती स्वच्छ दिसते, सावळ्या हातावर कमी, कारण वरच्या थरातलं मेलॅनिन येणारा-जाणारा उजेड दोन्ही वेळा शोषून घेतं.

ही झाक आणायला लोक सावलीच्या कडेनं लाल ब्रश फिरवतात, ते लगेच खरचटल्यासारखं दिसतं. त्यापेक्षा आपला सावलीचा रंग दोन लेयरमध्ये वाटून टाका, दोन्ही `Multiply` वर. एका लेयरचा रंग २५५, १३१, १२६, हा फक्त हिरवा आणि निळा उतरवतो. दुसऱ्याचा १५३, २५५, २५५, हा फक्त लाल उतरवतो. दोघं मिळून बरोबर तीच सावली होते. आता लाल उतरवणाऱ्या लेयरला ब्लर जरा जास्त द्या, पहिल्याला ६ असेल तर याला १०-१२. कडेला लाल हळूहळू उतरतो, बाकीचे पटकन उतरतात, आणि तांबूस कड आपोआप येते, कुठे किती हे हातानं ठरवावं लागत नाही. हात सावळा असेल तर दोन ब्लरमधला फरक कमी करा. छोट्या फोटोत, जिथे आख्खं मनगटच दोनशे पिक्सेलचं आहे, तिथे याची गरजच नाही, सोडून द्या.

यानंतर एक तिसरा लेयर, फक्त टेकलेल्या जागांसाठी. तिथे नुसता खिडकीचा उजेड अडत नाही, खोलीतला इकडून तिकडून येणारा उजेड पण बांगडी आणि त्वचेच्या चिमटीत शिरू शकत नाही, म्हणून तिथे सावलीपेक्षा पण गडद एक बारीक रेघ असते. एक मिलिमीटर म्हणजे १५ पिक्सेलचा मऊ ब्रश, रंग साधारण ११०, ८०, ७४, दोन्ही खांद्यांवर, आणि मधोमध जाईपर्यंत विरून गेली पाहिजे. ही रेघ बांगडीच्या सगळ्या लांबीला काढली तर फट गायब होते आणि बांगडी रुतल्यासारखी वाटते, ते टाळा.

आता अर्धा डझन. एका बांगडीची सगळी सावली तयार आहे तर ती सहा वेळा कॉपी करायची असं वाटतं, आणि इथेच बरेच फोटो बिघडतात. बांगड्या एकमेकींना टेकून बसतात, त्यामुळे पहिलीची सावली त्वचेवर पडत नाही, दुसरीच्या काचेवर पडते, दुसरीची तिसरीवर, आणि त्वचेवर नीट पडणारी सावली फक्त शेवटच्या दागिन्याची, आपल्या कामात कोपराकडच्या पाटलीची. प्रत्येक बांगडीच्या बोटांकडच्या कडेला उजेड आणि कोपराकडच्या कडेला शेजारणीची झाक, एवढंच. दोन बांगड्यांमधल्या फटीतून जी त्वचा दिसते ती गडद तपकिरी ठेवायची, सावलीच्या रंगापेक्षा बरीच खाली, पण काळी नाही, कारण काचेतून आणि बाजूनं थोडा उजेड तिथे येतोच. आणि सहाच्या सहा बांगड्या समांतर लावू नका, भरलेल्या हातात एखादी तरी किंचित तिरपी असते, एखाद्या ठिकाणी फट जास्त उघडते आणि तिथून उजेडाचा छोटा तुकडा त्वचेवर पडतो. तो तुकडा दिसला की दुकानदार काही बोलत नाही, फोटो घेऊन जातो.

पाटली चपटी आहे, दहाएक मिलिमीटर रुंद, दोन जाड. तिच्या रुंदीमुळे सावली रुंद होते असं नाही, तिच्या कोपराकडच्या वरच्या कडेची उंचीच सावली ठरवते. वरची कड मधोमध ४.७ मिलिमीटरवर, तर सावली कडेच्या पुढे तेवढीच, ७० पिक्सेल, आणि टेकलेल्या जागी २ मिलिमीटर. बांगडीसाठी केलेलं ते धनुष्य इथे चालतं, फक्त बांगडीच्या मधल्या रेघेऐवजी पाटलीच्या कडेपासून मोजायचं. शिवाय पाटलीचं सोनं बाजूच्या बांगडीच्या काचेत पिवळं दिसतं, तेवढी एक पुसट पिवळी रेघ शेवटच्या हिरव्या बांगडीच्या कडेला द्या.

काचेची सावली हिरवी असते का, हे नेहमी विचारतात. काच कोणती त्यावर आहे. लग्नाच्या चुड्यातल्या बऱ्याच बांगड्यांची काच अपारदर्शक असते, तिची सावली साधी सावलीच, फार तर काचेवरून उडालेली हिरवी झाक उजेडाच्या बाजूच्या त्वचेवर. पण पारदर्शक काच असेल आणि कडक ऊन असेल तर सावली खरोखर हिरवी पडते, आणि तिच्या आत एक चमकदार रेघ असते, कारण गोल काच भिंगासारखा उजेड एका रेषेत गोळा करते. ही रेघ आजूबाजूच्या त्वचेपेक्षा पण उजळ असू शकते. खिडकीच्या पसरलेल्या उजेडात ती विरघळून जाते, तेव्हा आपल्या फोटोत ती काढायची नाही, फक्त सावलीचा रंग किंचित हिरव्याकडे झुकवायचा, आणि तोही काच पारदर्शक असेल तरच. खिडकीच्या फोटोत चमकदार रेघ काढली तर दोन वेगळे उजेड एका हातावर येतात आणि बघणाऱ्याला खटकतं.

साखळीचं ब्रेसलेट असेल तर वरचं बरंच गणित लागू होत नाही, कारण ते मऊ असतं. वरच्या बाजूला ते त्वचेवर लोळतं, कडी-कडीला टेकतं, म्हणून तिथे फक्त ती गडद बारीक रेघ आणि कडीच्या जाडीएवढी छोटी सावली. सुटतं ते फक्त खाली लोंबतं तिथे. घड्याळाच्या पट्ट्यासारखं घट्ट असेल तर त्वचा कडेला किंचित फुगते, तो उंचवटा नसेल तर घट्ट ब्रेसलेट कधीच घट्ट वाटत नाही.

तपासायचं कसं. बांगड्यांचे लेयर बंद करा आणि नुसती सावली उरू द्या. सावलीकडे बघून बांगडी कुठे टेकली आहे आणि कुठे सुटली आहे हे सांगता आलं पाहिजे, सांगता येत नसेल तर सावली सगळीकडे सारखी झाली आहे. मग बांगड्या चालू करा आणि फोटो कृष्णधवल करून बघा, रंग गेला की सावली जास्त गडद झाली का कमी ते लगेच कळतं, फोटोत दुसरीकडे कुठे खरी सावली असेल, साडीच्या काठाची, बोटांमधली, तिच्याशी ताडून बघा. शेवटी फोन हातभर लांब धरून बघा, कारण गिऱ्हाईक तसंच बघणार आहे.

काही ठिकाणी हे जमत नाही ते पण सांगतो. हातावर मेंदी असेल तर सावली `Multiply` वर असल्यानं मेंदीवर नीट बसते, त्याची काळजी नाही, पण जुनी बांगडी खोडल्यावर तिच्याखालची मेंदी कुठून आणायची? नक्षी हातानं काढावी लागते, आणि जवळून बघणाऱ्या नवरीला स्वतःच्या मेंदीतला बदल ओळखू येतो. तसंच नेहमी कडं घालणाऱ्या हातावर कड्याखाली त्वचा गोरी राहिलेली असते, तिथे उजेडातल्या त्वचेचा रंग घेताना गोरा पट्टा टाळून घ्या नाहीतर वरचा भागाकार चुकतो आणि सावली जास्त गडद निघते. आणि जुना ढीग मोठा असेल, मनगटापासून अर्ध्या हातापर्यंत भरलेला, तर खालची त्वचा बघायलाच मिळत नाही, मग सगळी त्वचा नव्यानं बनवण्यापेक्षा फोटो परत काढणं स्वस्त पडतं. म्हणून आम्ही फोटोग्राफरला एकच सांगून ठेवतो, शूटच्या दिवशी हात हलू न देता एक फोटो बांगड्यांचा आणि एक मोकळ्या मनगटाचा काढ, आणि तिसरा त्याच जागी एक सैल बांगडी घालून, म्हणजे त्वचा मोकळ्या मनगटाच्या फोटोतून मिळते आणि खरी सावली तिसऱ्यातून.